जूनचा सव्वा लाख: डॅशबोर्ड आणि अण्णांची शीट का जुळेना

सांगलीजवळच्या एका दूध एजन्सीची ही गोष्ट. पिशवीतलं दूध, दही, ताक, पनीर, तूप असा माल रोज नऊ लाइनींवर जातो. पहाटे तीनला टेम्पो भरायला लागतात आणि सव्वापाचपर्यंत शेवटचा टेम्पो गेटबाहेर पडतो. दुपारी चारला दुसरी छोटी फेरी असते, तिच्यात पनीर, तूप आणि हलवायांचा माल. महिन्याची उलाढाल साधारण दीड कोटीच्या आतबाहेर. बिलं एका प्रणालीत बनतात आणि त्यांचा डेटाबेस भाड्याच्या सर्व्हरवर आहे. त्यावर पॉवर बीआयचा डॅशबोर्ड मी बांधून दिला होता. शिवाय हिशोब सांभाळणारे अण्णा वीस वर्षांच्या सवयीने रोज संध्याकाळी बिलांच्या प्रती समोर घेऊन एक्सेलमध्ये स्वतंत्र नोंद करतात. डॅशबोर्ड आल्यावरही त्यांनी ती थांबवली नाही, आणि आज वाटतं ते बरंच झालं.

2024 च्या जुलैची दोन तारीख. एजन्सीचा कारभार पाहणाऱ्या मॅडमनी जूनची विक्री दोन्हीकडून मागवली. अण्णांच्या शीटचा आकडा होता 1,42,38,460 रुपये आणि डॅशबोर्डचा 1,43,61,885. डॅशबोर्ड 1,23,425 रुपयांनी जास्त.

मॅडमचा निरोप एका ओळीचा होता : "दोन्हीतला खरा कुठला? सेल्समनचं कमिशन आणि कंपनीकडची पुढची ऑर्डर ह्याच आकड्यावर ठरते."

माझं पहिलं उत्तर चुकीचं होतं, ते आधी कबूल करतो. मी लिहिलं की फरक एक टक्क्याच्याही आत आहे, दोन वेगळ्या पद्धतींमध्ये एवढं व्हायचंच. खाली यूटीसी, जॉइन, रिफ्रेश असे चारपाच शब्द पेरले. मॅडमनी वाचून विचारलं, "म्हणजे कुठला धरू?" प्रश्न होता तिथेच राहिला. त्यातून अण्णांचा गैरसमज झाला की मी त्यांच्या वहीवर बोट ठेवतोय. ते फोनवर म्हणाले, "पोरा, मशीन आल्यापासून माझी बेरीज चुकायला लागली व्हय?"

एक टक्का फरक म्हणजे छोटी चूक, हे गृहीतच मुळात फसवं होतं. 1,23,425 ही शेवटची वजाबाकी. तिच्या पोटात किती मोठ्या रकमा एकमेकींच्या विरुद्ध ओढत आहेत, ते त्या आकड्यावरून कळत नाही. ते बघायला एकूण बेरीज बाजूला ठेवून तपशिलात उतरावं लागतं.

सगळ्यात आधी दोन सोप्या शंका मिटवल्या. पहिली जीएसटीची. एकीकडे करासकट आणि दुसरीकडे कराशिवाय रक्कम असेल तर फरक मालानुसार ठरावीक टक्क्यांत दिसतो. त्या वेळी तुपावर 12 टक्के होता, पाकीटबंद पनीरवर 5, आणि पिशवीतल्या दुधावर काहीच नाही. दोन्हीकडची फक्त तुपाची बेरीज लावली तर तिथे 12 टक्क्यांची तफावत नव्हती. दुसरी शंका डॅशबोर्ड शिळा असल्याची. पण त्याचा शेवटचा रिफ्रेश 2 जुलैच्या सकाळचा होता, म्हणजे जूनची सगळी बिलं त्यात आलेली होती.

मग रोजची विक्री शेजारी शेजारी मांडली, आणि तिथे पहिला धागा मिळाला. एजन्सीचं एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे एका कारखान्याची कॅन्टीन. ती रविवारी बंद असते, त्यामुळे अण्णांच्या शीटमध्ये तिच्या नावापुढे दर रविवारी काहीच नाही. डॅशबोर्डवर मात्र तीच कॅन्टीन दर शनिवारी बंद दिसत होती आणि रविवारी चालू. सगळा आठवडा एका दिवसाने मागे सरकलेला.

कारण असं. डेटाबेस प्रत्येक बिलाची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेवतो, आणि आपली घड्याळं त्याच्या साडेपाच तास पुढे असतात. आपल्याकडे सोमवारचे पहाटेचे चार वाजलेले असतात तेव्हा यूटीसीत रविवारचे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. माझ्या क्वेरीने वेळ बदलून न घेता तारीख तशीच उचलली. किराणा दुकानाच्या डॅशबोर्डमध्ये ही चूक कित्येक वर्षं झाकून राहू शकते, कारण पहाटे साडेपाचच्या आत तिथे बिल होत नाही. दूध एजन्सीचा तर जवळजवळ सगळा धंदाच त्या वेळेतला. फक्त दुपारची फेरी योग्य तारखेला पडत होती.

इथे एक गोष्ट नीट बघावी लागते. रोजच्या आकड्यात इतका गोंधळ असूनही महिन्याच्या बेरजेत तो जवळपास दिसत नाही, कारण मधले सगळे दिवस एकेक घर मागे सरकतात पण राहतात जूनमध्येच. फरक पडतो फक्त दोन टोकांना. 1 जूनच्या पहाटेची बिलं मे महिन्यात गेली, ती होती 3,31,675 रुपयांची. 1 जुलैच्या पहाटेची बिलं जूनमध्ये आली, ती 3,94,310 ची. जुलै उजाडेपर्यंत हॉस्टेलच्या मेस पुन्हा सुरू झाल्या होत्या, म्हणून दुसरी पहाट भारी. एक गेली, एक आली, आणि डॅशबोर्ड 62,635 ने फुगला. सव्वासात लाखांची बिलं चुकीच्या महिन्यात पडली आणि बेरजेत दिसले जेमतेम बासष्ट हजार.

दुरुस्ती एका ओळीची होती :

```sql
SELECT (billed_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date AS bill_date,
       SUM(amount)
FROM bills
GROUP BY 1;
```

ही ओळ उतरवून घेणाऱ्यांसाठी एक सूचना. पोस्टग्रेसमध्ये `billed_at` हा रकाना `timestamptz` प्रकारचा असेल तरच हे बरोबर चालतं. रकाना साधा `timestamp` असेल आणि त्यात यूटीसी वेळ भरलेली असेल, तर हीच ओळ वेळ उलट्या दिशेला ढकलते. तिथे आधी `AT TIME ZONE 'UTC'` लावून मग कोलकाता लावावं लागतं. दुरुस्तीनंतर कॅन्टीन रविवारी बंद दिसते का, एवढं बघितलं की खात्री होते.

दुसरा धागा मॅडमच्या मोबाइलमध्ये सापडला. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी डॅशबोर्डच्या मे महिन्याच्या आकड्याचा फोटो काढून मालकांना पाठवला होता. जुलैत तोच मे महिना उघडला तर आकडा वाढलेला. मध्ये कुणी मेचं बिल केलं नव्हतं, जुनं बदललंही नव्हतं. संपलेल्या महिन्याची बेरीज आपोआप हलते तेव्हा बिलांपेक्षा त्यांना जोडलेल्या दुसऱ्या कुठल्या तरी यादीवर संशय घ्यावा.

ती यादी होती लाइनींची. कुठलं गिऱ्हाईक कुठल्या लाइनीवर, हे एका वेगळ्या तक्त्यात असतं आणि डॅशबोर्ड प्रत्येक बिलाला त्यातून लाइन जोडतो. जूनच्या मध्यात एक हलवाई आणि एक हॉटेल चौथ्या लाइनीवरून सातव्या लाइनीवर गेले. ऑफिसातल्या मुलाने नवी नोंद केली, जुनी बंद करायची राहिली. आता त्यांच्या प्रत्येक बिलाला दोन लाइनी सापडत होत्या, म्हणून एकेक बिल दोनदा उभं राहत होतं, एकदा चौथ्या लाइनीखाली आणि एकदा सातव्या. बदलाच्या आधीचीही सगळी बिलं दुप्पट झाली, कारण त्या तक्त्यात तारीखच नव्हती. म्हणून मे हलला. जूनमध्ये हलवायाचे 1,04,300 आणि हॉटेलचे 44,600, असे 1,48,900 रुपये जास्तीचे मोजले गेले.

हे शोधायला अशी क्वेरी पुरते :

```sql
SELECT customer_id, COUNT(*)
FROM route_customers
GROUP BY customer_id
HAVING COUNT(*) > 1;
```

एकही ओळ यायला नको. आमच्याकडे दोन आल्या.

इथवर आल्यावर मला अण्णांना फोन करावासा वाटला. डॅशबोर्डच्या दोन चुका मिळून 2,11,535 रुपये झाले होते, आणि दोन्ही माझ्या. पण त्याने गणित सुटत नव्हतं. एवढे वजा केले तर डॅशबोर्ड अण्णांच्याही खाली जात होता. म्हणजे अजून काहीतरी उलट्या दिशेने ओढत होतं.

म्हणून बिलवार जुळणी करायची ठरली. अण्णांनी शीटची प्रत दिली, मी डॅशबोर्डची बिलं उतरवून घेतली आणि बिल नंबरवरून दोन्ही जोडल्या. (आधी तासभर काहीच जुळेना, कारण एका बाजूला बिल नंबर अंक म्हणून होते आणि दुसऱ्या बाजूला मजकूर म्हणून. अशा वेळी `VLOOKUP` गुमान `#N/A` देतो आणि आपल्याला वाटतं बिलंच नाहीत.) जुळणीनंतर ढीग पडले. फक्त डॅशबोर्डमध्ये असलेली बिलं सगळी 1 जुलैच्या पहाटेची निघाली. फक्त अण्णांकडे असलेली सगळी 1 जूनच्या पहाटेची. डॅशबोर्डमध्ये दोनदा आलेली सगळी त्या हलवायाची आणि हॉटेलची. ह्या तीन ढिगांचा उलगडा आधीच झाला होता. चौथ्या ढिगात अकरा बिलं होती. ती दोन्हीकडे होती, रक्कमही डोळ्यांना सारखीच दिसत होती, पण एक्सेल ती सारखी मानायला तयार नव्हतं.

ही अकराही बिलं लग्नकार्यांच्या आणि केटररच्या मोठ्या ऑर्डरींची. अशा ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात, आणि अण्णा तिथली रक्कम उचलून शीटमध्ये चिकटवतात. व्हॉट्सअॅपवर लिहिणारा लिहितो "18,500/-". चेक लिहिताना रकमेपुढे कुणी आकडा वाढवू नये म्हणून लावायची ती तिरपी रेघ आणि आडवी रेघ, आपल्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या बसलेली. एक्सेलला मात्र ती कळत नाही. त्याच्या दृष्टीने "18,500/-" हा मजकूर आहे, आणि `SUM` मजकूर दिसला की चूक न दाखवता पुढे जातं. अंक मजकूर म्हणून साठवले की चौकटीच्या कोपऱ्यात एक हिरवा त्रिकोण येतो. इथे तोही येत नाही, कारण हा अंकच नाही असं एक्सेलचं ठाम मत असतं. ओळखायची खूण एकच. अंक चौकटीत उजवीकडे चिकटतात, मजकूर डावीकडे. अण्णांनी सगळा रकाना मधोमध आणून ठेवला होता, छान दिसतं म्हणून. तीही खूण गेली.

ह्या अकरा बिलांची बेरीज 1,86,240. म्हणजे अण्णांची शीट तेवढ्याने कमी दाखवत होती.

चौथी बाब कुणाचीच चूक नव्हती, आणि समजावायला तीच सगळ्यात अवघड गेली. फुटक्या पिशव्या, आंबट झालेलं दही, न खपलेलं ताक असा माल टेम्पोबरोबर दहा-अकराला परत येतो. तो उतरवतानाच त्याची नोंद होते, आणि डॅशबोर्ड ती त्याच दिवशी विक्रीतून वजा करतो. जूनमध्ये असा 4,12,600 रुपयांचा माल परत आला. अण्णा मात्र क्रेडिट नोट निघाल्याशिवाय एक पैसा वजा करत नाहीत. कंपनीचा माणूस माल बघतो, मान्यता येते, मग क्रेडिट नोट. त्यात पंधरा दिवसही जातात. जूनमध्ये निघालेल्या क्रेडिट नोटा होत्या 1,38,250 च्या. ह्या एका कारणाने डॅशबोर्ड अण्णांपेक्षा 2,74,350 ने खाली होता. उलट्या दिशेची ओढ सापडली.

आता सांगायचं कसं? ह्या वेळी तांत्रिक शब्द गाळून फक्त सोपं केलं असतं तरी पुरलं नसतं. मॅडम वाणिज्य शाखेच्या आहेत, दर महिन्याला बँकेचा ताळमेळ स्वतः तपासून सही करतात. पासबुक आणि कॅशबुक जुळत नाही तेव्हा त्या "खरं कुठलं" असं कधी विचारत नाहीत. एका आकड्यापासून सुरुवात करतात, कारणाकारणाने मिळवत-वजा करत दुसऱ्या आकड्यापर्यंत येतात, आणि शेवटी शून्य उरलं की सही करतात. मी तोच नमुना घेतला आणि एका पानावर हे मांडलं :

| | रुपये |
|---|---|
| अण्णांच्या शीटप्रमाणे जूनची विक्री | 1,42,38,460 |
| मिळवा : "/-" मुळे बेरजेतून सुटलेली 11 बिलं | 1,86,240 |
| मिळवा : 1 जुलैची पहाट जूनमध्ये आली, 1 जूनची मेमध्ये गेली | 62,635 |
| मिळवा : दोन गिऱ्हाइकांची बिलं दोनदा मोजली | 1,48,900 |
| वजा : परत आलेला पण क्रेडिट नोट न निघालेला माल, निव्वळ | 2,74,350 |
| डॅशबोर्डप्रमाणे जूनची विक्री | 1,43,61,885 |

पान तयार करताना एक काळजी घ्यावी लागली. दोनदा मोजलेली रक्कम डॅशबोर्डच्याच तारखांच्या हद्दीत मोजली, आणि पहाटेच्या दोन्ही बेरजांमध्ये प्रत्येक बिल एकदाच धरलं. असं केलं नसतं तर 1 जुलैच्या पहाटेचं हॉटेलचं बिल दोन ओळींमध्ये शिरलं असतं आणि शेवटी काही हजार उरले असते, ज्यांचा पत्ता लागला नसता.

बैठकीला मॅडम, अण्णा आणि मी. मुद्दाम माझ्या दोन चुका आधी सांगितल्या. कॅन्टीनचा शनिवार दाखवला तेव्हा मॅडम हसल्या. "शनिवारी तर माझ्या समोर त्यांचा टेम्पो भरतो." यूटीसी हा शब्द एकदाही काढावा लागला नाही. एवढंच म्हटलं की संगणकाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे आणि मी ते पुढे करायला विसरलो. दोनदा मोजलेल्या बिलांना त्यांनीच नाव दिलं. "म्हणजे बँकेने एकच चेक दोनदा वटवला." अकरा बिलांची पाळी आली तेव्हा अण्णांनी स्वतः माउस हातात घेतला, एका चौकटीतलं "/-" खोडलं, आणि खालची बेरीज उडी मारताना पाहिली. मग काही न बोलता उरलेली दहा खोडली.

ह्यानंतर मॅडमनी जे विचारलं त्यासाठी मी तयार होतो, पण तरी क्षणभर घाबरलो. "चुका सगळ्या काढल्या ना? मग आता फरक किती?"

चुका काढल्यावर अण्णांची शीट झाली 1,44,24,700. डॅशबोर्ड झाला 1,41,50,350. फरक 2,74,350. सव्वा लाखाचा फरक दुरुस्त करायला बसलो आणि तो पावणेतीन लाखांवर गेला. शिवाय आधी डॅशबोर्ड वर होता, आता शीट वर.

"दुरुस्ती करून वाढला?"

इथे ते पान कामी आलं. तीन चुका मिळून डॅशबोर्डला शीटच्या वर नेत होत्या आणि परत आलेला माल त्याला खाली ओढत होता. चुका निघाल्या, एकट्या मालाचा फरक उघडा पडला. पहिला सव्वा लाख ही निव्वळ योगायोगाने उरलेली रक्कम होती. जुनी बेरीज एखाद्या महिन्यात तंतोतंत जुळलीही असती, तरी आतून तितकीच चुकीची राहिली असती, आणि कुणी बघितलंही नसतं. उरलेले 2,74,350 म्हणजे वटायला टाकलेला चेक. आपल्या वहीत आहे, पासबुकात यायचाय. फक्त इथे बाजू उलट, कारण डॅशबोर्डने माल आधीच वजा केलाय आणि अण्णांची वही वाट बघतेय.

बँकेची ही तुलना पुढे एका ठिकाणी तुटते, आणि ते त्याच बैठकीत सांगितलं. चेक आज ना उद्या वटतो किंवा परत येतो, फरक मिटतो. परत आलेल्या मालाचं तसं नाही. कंपनी काही माल नाकारते, त्याची क्रेडिट नोट कधीच निघत नाही. तो फरक आपोआप जाणार नाही, महिन्यामागून महिना साचत जाईल. म्हणून "मान्यता बाकी" आणि "नाकारला" अशा दोन खुणा परत आलेल्या मालाच्या नोंदीला लावायचं ठरलं. नाकारलेला माल एजन्सीच्या नुकसानीत जातो, विक्रीच्या आकड्याशी त्याचा वाद उरत नाही.

"मग कुठला धरू?" हा पहिल्या दिवशीचा प्रश्न राहिलाच होता. आता त्याचं उत्तर मॅडमनीच दिलं, आणि मी दिलं असतं त्याहून चांगलं दिलं. कंपनीकडची ऑर्डर डॅशबोर्डच्या आकड्यावर, कारण किती माल खरोखर खपला ते तिथे कळतं. जीएसटीचं विवरण आणि खतावणी अण्णांच्या आकड्यावर, कारण तिथे कागद लागतो, आणि कागद म्हणजे क्रेडिट नोट. कमिशनवर थोडी चर्चा झाली. बिलावर कमिशन दिलं तर सेल्समन महिन्याच्या शेवटी दुकानात जास्त क्रेट उतरवतो आणि ते पुढच्या महिन्यात परत येतात, हा त्यांचा अनुभव होता. म्हणून कमिशनही परत आलेला माल वजा करून.

डॅशबोर्डवर "विक्री" नावाचा एकच आकडा होता, तो काढला. त्या जागी दोन आले : "बिल-विक्री" आणि "परत माल वजा विक्री". आकडे तेच, पण नाव पूर्ण लिहिल्यामुळे पुढच्या महिन्यात कुणी एकाची तुलना चुकून दुसऱ्याशी केली नाही. शेवटचा रिफ्रेश कधी झाला ते खाली भारतीय वेळेत दिसतं. लाइनींच्या तक्त्यात "पासून" आणि "पर्यंत" अशा दोन तारखा घातल्या, म्हणजे गिऱ्हाईक लाइन बदलेल तेव्हा जुनं बिल जुन्या लाइनीला आणि नवं नव्या लाइनीला जाईल.

अण्णांच्या शीटचं जरा वेगळं झालं. मी आधी रकमेच्या रकान्याला बंधन घातलं, की अंकाशिवाय काही घेऊ नकोस. दोन दिवसांनी कळलं की ते बंधन फक्त टाइप केलेल्याला अडवतं. दुसरीकडून चिकटवलं की तपासणी होतच नाही, आणि एक्सेलच्याच दुसऱ्या चौकटीतून चिकटवलं तर बंधनच पुसलं जातं. आणि अण्णांची चूक तर चिकटवण्यातूनच येत होती. म्हणून वर एक चौकट ठेवली, जी भरलेल्या चौकटी आणि अंक असलेल्या चौकटी यांतला फरक मोजते :

```
=COUNTA(F5:F9000)-COUNT(F5:F9000)
```

शून्य असेल तर हिरवी, नाहीतर लाल. रकाना मधोमध ठेवायचा की उजवीकडे, यावर अण्णांशी तडजोड झाली नाही. तो अजून मधोमधच आहे.

जुलैच्या ताळमेळाला मॅडमनी पान स्वतः भरलं. दोनच ओळी होत्या, परत आलेला माल आणि 740 रुपयांचा एक न उलगडलेला फरक. तो मी दुर्लक्षून द्यायला निघालो होतो. मॅडम म्हणाल्या, "बँकेत सात रुपयांसाठी अण्णा दोन दिवस घालवतात, इथे का नाही?" अण्णांनी अर्ध्या तासात शोधला. एका बिलावर 1,540 च्या जागी त्यांच्याकडून 800 टाइप झाले होते, खालच्या बिलाची रक्कम. त्यांनी दुरुस्त केलं, तारीख घातली आणि बाजूला लिहिलं : "माझी चूक. डॅशबोर्ड बरोबर."